सोमवारी, सकाळी, रात्री: मराठीत एकच ‘ई’, मग इंग्रजीत ऑन, इन, ॲट का?

प्रश्न: माझी मुलगी सातवीत आहे, सेमी-इंग्रजी. आम्ही गुहागरजवळ राहतो. इंग्रजीच्या वर्कशीटमध्ये ॲट, ऑन, इनच्या दहा रिकाम्या जागा होत्या, त्यातल्या सहा चुकल्या. नियम तिला पाठ आहेत, तरी चुकतं. मराठीत ‘सोमवारी’, ‘सकाळी’, ‘रात्री’ सगळं एकसारखंच. मग इंग्रजीत तिघांना तीन वेगळे शब्द कशाला? आणि दिलेल्या पर्यायांतून बरोबर कोणता ते ओळखायचं कसं? वर्कशीटचा फोटो जोडते आहे.

उत्तर: फोटो स्वच्छ आला आहे, ताई. दहाही प्रश्न वाचले. सहा चुकांपैकी पाच सरळ मराठीतून आलेल्या आहेत. सहावी तुमच्या मुलीची नाहीच, वर्कशीट काढणाऱ्याची आहे. तिच्याकडे शेवटी येतो. रत्नागिरी जिल्ह्यात पंचवीसेक वर्षं इंग्रजी शिकवतो आहे आणि हेच पाच प्रकार दर वर्षी लाल शाईने गोल करतो आहे. त्यामुळे पोरीला रागावू नका. ती नियम विसरलेली नाही, ती मनातल्या मनात मराठी प्रत्ययाचं भाषांतर करते आहे.

आधी तुमचाच एक समज जरा हलवतो. मराठीत सगळं एकसारखं नाही. वाचता वाचता तोंडाने म्हणून बघा: ‘सातला ये’, ‘पंधरा जूनला शाळा सुरू’, ‘सोमवारी’, ‘मे महिन्यात’, ‘1998 साली’. हे ला, ई आणि त वेगवेगळे आहेत, फक्त आपण ते न मोजता वापरतो. ‘सात वाजता’ तर त्याहून मजेशीर, त्यात प्रत्यय असा नाहीच. ते ‘वाजणे’ या क्रियापदाचं रूप आहे. सात वाजत असताना, म्हणजे सातचे ठोके पडताना. इतकंच काय, आपण ‘दिवाळीला मामा आले’ आणि ‘दिवाळीत मामा आले’ यातही फरक करतो. ‘दिवाळीला’ म्हटलं की सण हा एक प्रसंग, एक टप्पा. ‘दिवाळीत’ म्हटलं की चार-पाच दिवसांचा पसरलेला काळ, त्यात कधीतरी.

म्हणजे कप्पे दोन्ही भाषांत आहेत, पण ते वेगळ्या ठिकाणी पाडलेले आहेत. एकाच टोपलीतलं म्हावरं एका कोळणीने आकाराप्रमाणे लावलं आणि दुसरीने जातीप्रमाणे, तर दोघींच्या वाट्यांत तेच मासे असतात, पण वाटे जुळत नाहीत. मराठीचा ‘ई’चा वाटा घ्या: सोमवारी, सकाळी, रात्री. इंग्रजीत हे तिघं तीन वाट्यांत जातात, ऑन मंडे, इन द मॉर्निंग, ॲट नाइट. आता ‘ला’चा वाटा घ्या: सातला, पंधरा जूनला, दिवाळीला. इंग्रजीत सातला ॲट, पंधरा जूनला ऑन, दिवाळीला पुन्हा ॲट. तुमच्या मुलीच्या सात क्रमांकाच्या प्रश्नात ‘द स्कूल ओपन्स ___ फिफ्टीन्थ जून’ असं होतं आणि तिने ॲट लिहिलं. का लिहिलं ते आता दिसेल. पहिल्या प्रश्नात ‘द फेरी लीव्हज ___ सेव्हन’ला तिने ॲट लिहिलं होतं आणि ते बरोबर होतं. सातला ॲट, मग पंधरा जूनलाही ॲट. तिचा तर्क चोख आहे, फक्त तो मराठीचा तर्क आहे.

आता इंग्रजी वाटे कसे लावते ते बघू. शाळेत बहुतेक मुलांना शिकवतात की लहान वेळेला ॲट, मध्यम वेळेला ऑन, मोठ्या वेळेला इन. हा नियम घड्याळ, वार आणि महिना एवढ्यापुरता चालतो आणि सकाळ आली की तोंडावर आपटतो. सकाळ सोमवारापेक्षा लहान आहे ना? मग तिला ‘इन’ कसं? म्हणून मी लहान-मोठं शिकवणं कधीच सोडलं. मी मुलांना सांगतो की इंग्रजीच्या डोळ्याला वेळ तीन रूपांत दिसते. एक म्हणजे काट्याचं टोक: घड्याळातली वेळ, नून, मिडनाइट. तिथे ॲट. दुसरं म्हणजे कॅलेंडरवरचा चौकोन: वार असो, तारीख असो, ‘माझा वाढदिवस’ असो, चौकोनावर बोट ठेवता आलं की ऑन. तिसरं म्हणजे लांबी असलेला तुकडा, ज्याच्या आत शिरता येतं: सकाळ, दुपार, मे महिना, पावसाळा, 1998. तिथे इन.

एकच घटना ‘इन’ आणि ‘ऑन’ दोन्हीत बसवून बघितली की हे पक्कं होतं. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी खुला झाला. इंग्रजीत ‘इन 1998’ म्हणता येतं, ‘इन जानेवारी 1998’ म्हणता येतं, पण 26 हा आकडा वाक्यात आला की चौकोन आला, आणि तिथून पुढे ‘ऑन’च. महिना आणि वर्ष त्याच वाक्यात मागे उभे असले तरी त्यांचं काही चालत नाही.

तुमच्या मुलीची दोन क्रमांकाची चूक याच जागेवर आहे: ‘वुई गो टू द मार्केट ___ सॅटर्डे मॉर्निंग’. तिने ‘मॉर्निंग’ पाहिलं, ‘इन द मॉर्निंग’ पाठ होतं, ‘इन’ लिहून मोकळी झाली. पण शनिवार आला म्हणजे चौकोन आला. नुसती सकाळ असेल तर इन. सकाळीला वाराचं किंवा तारखेचं नाव चिकटलं की ती त्या चौकोनाचा भाग होते आणि ऑन लागतं. ‘15 ऑगस्टच्या सकाळी’ असेल तरी ‘ऑन’. वर्कशीट काढणारे हे मुद्दाम टाकतात, कारण अर्धा नियम पाठ असलेलं मूल इथे हमखास सापडतं. मी स्वतःही टाकतो, खोटं कशाला बोलू.

तीन क्रमांकाला ‘फिशरमेन गो आउट ___ नाइट’ होतं. तिने ‘इन’ लिहिलं. सकाळी इन, दुपारी इन, संध्याकाळी इन, म्हणून रात्रीही इन. इथे चित्र काढून काही हाती लागत नाही. ‘ॲट नाइट’ हा एक जोडशब्द समजून तोंडात बसवायचा. मात्र एक खूण उपयोगी पडते. रिकाम्या जागेनंतर थेट ‘नाइट’ असेल तर ॲट. मध्ये ‘द’ असेल, ‘आय वोक अप ___ द नाइट’ असं, तर ‘इन’. तिथे त्या एका रात्रीच्या पोटात कधीतरी जाग आली असा अर्थ असतो. म्हणजे पर्याय निवडण्याआधी ‘द’ आहे की नाही हे बघायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ यांना इनसोबत ‘द’ लागतोच, तेव्हा तो बहुतेक वेळा छापलेला दिसेल.

आठ क्रमांकाची चूक मला सगळ्यात आवडली. ‘ही इज कमिंग ___ नेक्स्ट मंडे’, पर्याय ॲट, ऑन, इन आणि चौथा ‘काही नको’. तिने ऑन केलं. सोमवार आहे, चौकोन आहे, ऑन पाहिजेच. पण नेक्स्ट, लास्ट, धिस आणि एव्हरी हे चार शब्द वाराच्या किंवा महिन्याच्या पुढे उभे राहिले की ते दारवानासारखे ॲट-ऑन-इनला आत येऊ देत नाहीत. मराठीत ‘पुढच्या सोमवारी’, ‘गेल्या सोमवारी’, ‘दर सोमवारी’ म्हणताना आपला ‘ई’ जागचा हलत नाही, म्हणून मराठी मुलाला इथे काहीतरी गळायचं असतं हे सुचतच नाही. ‘काही नको’ किंवा नुसती आडवी रेघ असा पर्याय दिसला की तो भरतीचा समजू नका. आधी हे चार शब्द शोधायचे.

इथवर एक गोष्ट लक्षात आली असेल. उत्तर दर वेळी रिकाम्या जागेच्या उजवीकडे होतं. डावीकडून वाचत येऊन जागा दिसली की लगेच भरणं, ही मुलांची सवयच त्यांना बुडवते. पण ही सवयही मराठीची देण आहे. आपल्याकडे प्रत्यय नामाच्या शेपटीला लागतो. ‘शनिवार’ तोंडातून बाहेर पडून जातो, त्याचं ‘शनिवारी’ करायचं की नाही हे नंतर ठरतं. इंग्रजीत नाम येण्याआधीच ठरवावं लागतं. जगातल्या भाषा तपासून जोसेफ ग्रीनबर्ग या भाषाशास्त्रज्ञाने 1963 साली मांडलं होतं की ज्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यांत असे शब्द बहुतांशी नामाच्या मागून येतात. मराठी, हिंदी, कन्नड, जपानी, सगळ्या त्यात बसतात. फारसी मात्र क्रियापद शेवटी ठेवूनही हे शब्द नामाच्या आधी लावते, म्हणून ‘बहुतांशी’. तर मुलीला एवढंच करायला सांगा: जागा दिसली की पेन्सिल उचलायची, पूर्णविरामापर्यंत जायचं, आणि ज्या नामावर ती जागा टेकली आहे त्याच्याखाली रेघ ओढायची. रेघ ओढून झाल्यावरच पर्यायांकडे बघायचं. वर्गात मी पहिले पंधरा दिवस पर्याय हाताने झाकून ठेवायला लावतो.

एखाद्या वेळी मात्र जागा उजवीकडच्या नामावर टेकलेली नसते, डावीकडच्या शब्दाने तिला धरून ठेवलेलं असतं. ‘गुड ___ मॅथ्स’ यात गणिताकडे बघून काही कळणार नाही. गुडला ॲट लागतं. ‘डिपेंड’ला ऑन लागतं. अशा जोड्या वेगळ्या पाठ कराव्या लागतात, त्यांना काळ-स्थळाचा नियम लावायला जाऊ नये.

‘पण तीनच वाटे का, आणि हेच का’ हा तुमचा खरा प्रश्न. जग तसं आहे म्हणून, असं उत्तर मिळेल ही आशा सोडा. इंग्रजीची सख्खी बहीण जर्मन घ्या. तीही घड्याळाला, वाराला आणि महिन्याला तीन वेगळे शब्द लावते, उम, आम, इम. वाटतं की जुळलं. पण तीच जर्मन सकाळीला वाराचा शब्द लावते आणि रात्रीला महिन्याचा, म्हणजे दोन्ही ठिकाणी इंग्रजीपेक्षा वेगळं. फ्रेंच वाराला काहीच लावत नाही, नुसतं ‘सोमवार’ म्हणून मोकळी होते. हिंदी ‘सोमवार को’ म्हणते, आणि आपल्या विदर्भाकडे ‘सोमवारला’ ऐकू येतं, ज्याने आपले कान टवकारतात. इंग्रजी स्वतःशी तरी कुठे एकनिष्ठ आहे? हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘ऑन’ हा शब्द आजच्या ‘इन’चं बरंचसं काम करत असे. जिवंत या अर्थाचा ‘अलाइव्ह’ आणि झोपलेला या अर्थाचा ‘अस्लीप’, यांतला सुरुवातीचा ‘अ’ म्हणजे तोच झिजलेला जुना ‘ऑन’. ऑन लाइफ, ऑन स्लीप. आजही शनिवार-रविवारच्या सुट्टीला ब्रिटिश माणूस ‘ॲट द वीकेंड’ म्हणेल आणि अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’. इंटरनेटवरून उतरवलेल्या वर्कशीटमध्ये ‘वीकेंड’ दिसलं आणि ॲट-ऑन दोन्ही पर्याय असले, तर ते कुठल्या देशात तयार झालं त्यावर उत्तर ठरतं. असा प्रश्न मी सरळ काट मारून टाकतो.

आता जागेकडे वळू, म्हणजे स्थळाकडे. इथे तिची एकच चूक आहे, पण ती सगळ्या किनारपट्टीची चूक आहे. ‘माय फादर इज वेटिंग ___ द बस स्टॉप’, तिने ऑन केलं. ‘बाबा स्टॉपवर थांबलेत’. मराठीचा ‘वर’ दोन कामं करतो. टेबलावर ताट, कौलांवर मांजर, हे एक काम: खाली पृष्ठभाग आणि त्यावर वस्तू. तिथे इंग्रजीतही ऑन, म्हणून चार क्रमांकाचा टेबलावरच्या पुस्तकाचा प्रश्न तिचा बरोबर आला. पण स्टॉपवर, स्टेशनवर, बंदरावर, विहिरीवर, कामावर, यातला ‘वर’ पृष्ठभागाचा नाही. विहिरीवर पाणी भरायला गेलेली बाई विहिरीच्या वर तरंगत नसते. ती जागा कशासाठी आहे आणि माणूस तिथे त्यासाठीच गेला आहे, असा तो ‘वर’ आहे. या दुसऱ्या ‘वर’ला इंग्रजीत बहुधा ॲट येतं. ॲट द बस स्टॉप, ॲट द स्टेशन, ॲट द वेल, ॲट वर्क. स्टेशनात शिरून फलाटावर उभे राहिलात तर मात्र पायाखाली खरा पृष्ठभाग आला, ‘ऑन द प्लॅटफॉर्म’.

याची चाचणी अगदी घरगुती आहे. ‘वर’च्या जागी ‘पृष्ठभागावर’ घालून बघा. ‘टेबलाच्या पृष्ठभागावर ताट’ चालतं, तर ऑन. ‘बस स्टॉपच्या पृष्ठभागावर बाबा’ ऐकून हसू येतं, तर ॲट.

आपल्याकडचा या जातीचा सगळ्यात फसवा शब्द म्हणजे ‘समुद्रावर’. ‘संध्याकाळी समुद्रावर गेलो होतो’ म्हणजे आपण वाळूत बसून भेळ खाल्ली. इंग्रजीत कोणी ‘ऑन द सी’ म्हटलं तर तो होडीत बसून पाण्यावर आहे. दाभोळहून धोपाव्याला जाताना फेरीबोटीत बसता ना, तिथे तुम्ही ‘ऑन द फेरी’ असता, कारण तिच्यावर उभं राहून इकडून तिकडे चालता येतं. बसला आणि ट्रेनला ऑन लागतं तेही तसंच. छोट्या होडीत आणि रिक्षात मात्र वाकून शिरून बसावं लागतं, तिथे ‘इन’. मराठीत या सगळ्यांना आपण ‘त’ किंवा ‘मध्ये’ लावतो: बसमध्ये, गाडीत, बोटीत, रिक्षात. त्यामुळे ‘इन द बस’ ही चूकही घरचीच. मोठ्या माणसांच्या इंग्रजीतही ती सर्रास ऐकू येते आणि समोरच्याला समजतंही. वर्कशीटमध्ये मार्क जातो एवढंच.

मराठी इथे अडाणी आहे आणि इंग्रजी बारीक आहे, असं मुलीला वाटू देऊ नका, म्हणून एक उलटं उदाहरण. मे महिन्यात कलमाकडे बोट दाखवून आपण म्हणतो, झाडाला आंबे लागलेत. वानर आला की म्हणतो, झाडावर वानर आहे. जे झाडातून उगवलं त्याला ‘ला’, जे बाहेरून येऊन बसलं त्याला ‘वर’. इंग्रजीही हाच भेद करते, पण चिठ्ठ्या वेगळ्या लावते. आंबा ‘ऑन द ट्री’, आणि वानर ‘इन द ट्री’, कारण तिला झाड म्हणजे पानाफांद्यांचा घेर दिसतो आणि वानर त्या घेराच्या आत. ‘देअर इज अ क्रो ___ द ट्री’ असा प्रश्न आला की आपली मुलं ऑन लिहितात. उत्तर बहुतेक वेळा इन असतं.

अंगठीचंही तसंच. बोटात अंगठी, पायात चप्पल, नाकात नथ. इंग्रज म्हणेल बोट अंगठीत आहे की अंगठी बोटात? आणि तो लावतो ऑन, ‘ऑन द फिंगर’. त्याला बोट हा आधार दिसतो. आपल्याला घट्ट बसणं दिसतं. गंमत म्हणजे युरोपच्या दुसऱ्या टोकाची फिनिश भाषा इथे आपल्या बाजूने आहे, तीही अंगठी बोटाच्या ‘आत’ ठेवते. उलट स्पॅनिशमध्ये टेबलावरचा कप आणि वाडग्यातलं सफरचंद या दोघांनाही ‘एन’ हा एकच शब्द चालतो. डचमध्ये टेबलावर कप आणि भिंतीवर चित्र, यांना दोन वेगळे शब्द लागतात, कारण चित्र टेकलेलं नसून टांगलेलं आहे; आपल्या ‘छताला पंखा’मधल्या ‘ला’सारखं काहीसं. वस्तू त्याच, हात लावून बघितलं तर स्पर्शही तोच. कोणत्या गोष्टीकडे लक्ष द्यायचं, आधार, कोंडणं, चिकटणं की घट्टपणा, हे प्रत्येक भाषा आपलं आपण ठरवते आणि पोरं ते तीन-चार वर्षांची होईतो आईच्या कडेवर उचलतात. दुसरी भाषा शिकताना तेच ठरलेलं लक्ष पुन्हा वळवावं लागतं. त्याला नियम पाठ करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा.

आता दहावा प्रश्न, ‘वुई प्लेड ___ द बीच’. तिने ऑन केलं, उत्तरसूचीत ॲट आहे, म्हणून काट. ही काट चुकीची आहे. वाळूवर खेळलो म्हणून ‘ऑन द बीच’ बरोबर, आणि बीच हे ठिकाण म्हणून तिथे खेळलो तर ‘ॲट द बीच’ही बरोबर. वाक्यात असा एकही शब्द नाही जो या दोघांपैकी एकाला बाहेर काढेल. तसा शब्द नसेल तर तो बहुपर्यायी प्रश्न म्हणून निकामी.

हे मी मोठेपणाने सांगत नाही, माझा स्वतःचा कान उपटला गेला आहे. काही वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेनंतर लगेच घेतलेल्या चाचणीत मी लिहिलं होतं, ‘द बोट इज ___ द वॉटर’. सूचीत ऑन ठेवलं. पाण्याचा पृष्ठभाग, त्यावर होडी, संशयच नको. कोळीवाड्यातल्या एका मुलाने इन लिहिलं आणि मी काट मारली. तो पेपर घेऊन टेबलाशी आला. म्हणाला, “सर, पावसाळाभर होडी वर ओढून झापांनी शाकारलेली होती. काल पाण्यात घातली. मग ती पाण्यातच ना?” मी म्हटलं, ते मराठी झालं, बस खाली. घरी जाऊन मोठा शब्दकोश उघडला आणि गप्प झालो. होडी जमिनीवरून उतरवून पाण्यात घातली या अर्थी ‘इन द वॉटर’ हे अस्सल इंग्रजी आहे. दुसऱ्या दिवशी त्याचा मार्क दिला, आणि ज्यांनी ज्यांनी इन लिहिलं होतं त्या सगळ्यांचा दिला. तेव्हापासून वर्कशीट काढली की प्रत्येक पर्याय जागेत घालून एकदा चित्र डोळ्यांसमोर आणतो. दोन पर्यायांची दोन शहाणी चित्रं उभी राहिली तर वाक्यात एक शब्द वाढवतो. ‘द बोट इज फ्लोटिंग ___ द वॉटर’ लिहिलं असतं तर ऑन हेच ठळक उत्तर ठरलं असतं.

मुलीने परीक्षेत असा प्रश्न आला तर काय करावं? दोन्ही पर्याय बरोबर वाटत असतील तर आधी ती खात्री करून घ्यावी, मराठी कानाला बरोबर वाटतंय की इंग्रजी चित्रात बसतंय. दोन्ही खरंच बसत असतील तर पृष्ठभागापेक्षा ठिकाणाचा अर्थ घेऊन ॲट करावं. बीच, जेट्टी, बाजार असल्या जागांना शाळेच्या उत्तरसूच्या तिकडेच झुकलेल्या असतात असा माझा अनुभव आहे. आणि घरी आलेल्या या वर्कशीटचा दहावा प्रश्न घेऊन तिलाच बाईंकडे पाठवा. तुम्ही जाऊ नका. “बाई, ऑन का चालत नाही?” एवढंच विचारायला सांगा, वाळूचं चित्र सोबत सांगायला सांगा.

सरावासाठी नवं पुस्तक आणू नका. भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि घरात गेल्या आठवड्यात जे झालं त्याची आठ-दहा मराठी वाक्यं तिलाच लिहू द्या: मामी शनिवारी सकाळी आली, रात्री वीज गेली, गेल्या सोमवारी बाजार होता, आजोबा थांब्यावर उभे होते. आधी ई, ला, त, वर यांना गोल करायचा. मग त्याच्याखाली इंग्रजी चिठ्ठी. ‘ई’च्या गोलाखाली ऑन, इन, ॲट आणि रिकामी जागा असं चारही उत्तरं आलेली तिने स्वतःच्या अक्षरात पाहिली की ‘ई म्हणजे हे’ असं समीकरण आपोआप सुटतं. माझ्या वर्गात याला दोन-तीन आठवडे लागतात. सगळ्यात शेवटी सुटतं ते ‘स्टॉपवर’. ते काही जणांचं दहावीपर्यंत टिकतं.

पुढच्या सत्रात तिला बाय आणि अंटिल येतील, तेव्हा ‘पर्यंत’ असाच आडवा येईल. ‘पाचपर्यंत ये’ आणि ‘पाचपर्यंत थांब’ यात आपला शब्द एक, त्यांचे दोन. ‘ये’ हे एकदाच घडून संपणारं काम आहे, पाचच्या आत कधीही, म्हणून बाय. ‘थांब’ हे पाच वाजेतो चालू राहणारं, म्हणून अंटिल. तिथे मात्र नेहमीची सवय मोडायची आहे: उत्तर उजवीकडच्या पाचमध्ये नाही, डावीकडच्या क्रियापदात आहे.